नोटीस अर्धवट टाकून सोडलेल्या नोकरीतील वरिष्ठांशी पुन्हा संबंध जोडताना

पुण्यातील कंपन्यांच्या मनुष्यबळ विभागांत मी १६ वर्षे काम केले आहे. त्या काळात वाईटपणा घेऊन नोकरी सोडलेली जी माणसे काही वर्षांनी परत संपर्कात आली, त्यांपैकी बहुतेकांचे कारण एकच होते: नोटीसचा काळ पूर्ण न करता ती निघून गेली होती. कागदावर हा कर्मचारी आणि कंपनी यांच्यातील कराराचा भंग असतो, पण प्रत्यक्षात त्याचा फटका एका माणसाला, म्हणजे थेट वरिष्ठाला बसतो. ग्राहकाला उत्तर त्यालाच द्यावे लागते, अर्धवट काम त्यालाच उचलावे लागते, आणि ‘तुमचा माणूस असा कसा गेला?’ हा प्रश्नही त्यालाच विचारला जातो. म्हणून हा लेख फक्त या एका प्रसंगापुरता आहे.

एक उदाहरण शेवटपर्यंत सोबत घेऊ. हिंजवडीतील एका कंपनीत सहकारी बँकांसाठी सॉफ्टवेअर तयार होत असे. तेथील एका अभियंत्याने ३ फेब्रुवारीला राजीनामा दिला. नोटीस ९० दिवसांची होती आणि बंगळुरूच्या नव्या कंपनीला तो मार्चच्या मध्यापर्यंत हवा होता. वरिष्ठांनी लवकर मोकळे करण्यास नकार दिला, कारण ३१ मार्चची वार्षिक अखेर समोर होती आणि ठेवींवरील व्याज-आकारणीचा भाग याच अभियंत्याकडे होता. दोघांत बैठकीत चढ्या आवाजात बोलणे झाले. १२ मार्चला, म्हणजे ३८ व्या दिवशी, त्याने लॅपटॉप जमा केला, काम कोणालाही समजावून न देता तो निघाला, आणि रात्री संपूर्ण टीमला सीसी ठेवून वरिष्ठांवर आरोप करणारी मेल पाठवली. १४ महिन्यांनी तो माझ्याकडे आला, तेव्हा त्याला पुढच्या नोकरीसाठी जुन्या कंपनीची पडताळणी होणार होती आणि रिलिव्हिंग लेटर हातात नव्हते. मात्र बोलता बोलता लक्षात आले की कागदापेक्षा ती मेल त्याला जास्त टोचत होती. ते वरिष्ठ त्याचे पहिले साहेब होते आणि काम त्यांनीच शिकवले होते.

आधी घडलेले लिहून काढा

संपर्क करण्याआधी एका कागदावर दोन रकाने करावेत. पहिल्यात स्वतः केलेली कृत्ये तारखांसह लिहावीत आणि दुसऱ्यात वरिष्ठांनी केलेली. दुसरा रकाना खोटा असतो असे मुळीच नाही. या अभियंत्याच्या दुसऱ्या रकान्यात सलग तीन शनिवार बोलावणे आणि सर्वांसमोर ‘तुझी लायकी नाही’ असे म्हणणे या दोन्ही खऱ्या गोष्टी होत्या. पण पत्र लिहायचे ते फक्त पहिल्या रकान्यावरून. दुसऱ्या रकान्याचा उपयोग वेगळा आहे. त्यातील नोंदी वाचून राग अजून उसळत असेल, तर पत्राची वेळ आलेली नाही, कारण तो राग कोणत्या ना कोणत्या वाक्यात शिरतोच.

येथे एक सीमा स्पष्ट करतो. दुसऱ्या रकान्यात लैंगिक छळ, जातीवरून अपमान किंवा धमकी यांसारखी नोंद असेल, तर हा लेख तुमच्यासाठी नाही, आणि अशा माणसाची माफी मागण्याचे कोणतेही बंधन तुमच्यावर नाही. महिलांच्या लैंगिक छळाबाबत २०१३ च्या कायद्यानुसार अंतर्गत समितीकडे तक्रारीची मुदत घटनेपासून तीन महिन्यांची असते आणि समिती योग्य कारण असल्यास ती आणखी तीन महिने वाढवू शकते. त्यामुळे तेथे आधी तक्रारीचा विचार करावा.

कंपनीचा हिशेब पत्राच्या आधी मिटवा

ही पायरी लोक वगळतात आणि त्यामुळेच बहुतेक प्रयत्न फसतात. नोटीसचे पैसे बाकी असताना किंवा रिलिव्हिंग लेटर अडलेले असताना आलेली माफी वरिष्ठांना माफी वाटतच नाही. काम काढून घेण्यासाठी केलेली ती मनधरणी वाटते, आणि त्यांचा तो समज चुकीचा असतो असेही म्हणता येत नाही. म्हणून कंपनीकडून जे हवे आहे ते मनुष्यबळ विभागाशी लेखी बोलून मिळवावे आणि त्यात वरिष्ठांना ओढू नये.

विभागाला पाठवायची मेल चार ओळींची असावी. त्यात कर्मचारी क्रमांक, शेवटचा कामाचा दिवस, आणि ‘नोटीसच्या अपुऱ्या दिवसांची रक्कम भरण्याची माझी तयारी आहे, कृपया अंतिम हिशेबाचा तपशील द्यावा’ एवढेच असावे. आकडा येण्याआधी स्वतःही तो काढून पाहावा. या अभियंत्याचे ५२ दिवस अपुरे होते. त्याच्या नेमणूकपत्रात वसुली मूळ वेतनावर असल्याचे लिहिले होते आणि मूळ वेतन ४०,००० रुपये होते. ३० दिवसांच्या महिन्याने दिवसाचे १,३३३ रुपये होतात, म्हणजे ५२ दिवसांचे सुमारे ६९,३३३ रुपये. त्याची ११ दिवसांची अर्जित रजा शिल्लक होती आणि कंपनीने ती वळती करून घेतली, त्यामुळे ४१ दिवसांचे सुमारे ५४,६६७ रुपये त्याला भरावे लागले. वसुली मूळ वेतनावर की एकूण पगारावर आणि रजा वळती होते की नाही, हे प्रत्येक नेमणूकपत्रात वेगळे असते. म्हणून ओळखीच्या माणसाच्या अनुभवावर न जाता स्वतःचे नेमणूकपत्र उघडून ते कलम वाचावे.

भविष्य निर्वाह निधीसाठी तर वरिष्ठ किंवा कंपनी यांच्यापैकी कोणाच्याही मागे लागण्याची सहसा गरज नसते. कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख भरली नसेल, तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी सदस्याला ईपीएफओच्या पोर्टलवर ‘Manage’ या मेनूतील ‘Mark Exit’ येथे जाऊन ती स्वतः भरता येते. त्यासाठी आधारशी जोडलेला मोबाइल चालू असावा लागतो. माझ्या पाहण्यातील काही लोकांनी केवळ या तारखेसाठी जुन्या साहेबांना फोन केले आणि दोघांचीही मने नव्याने कडू झाली.

पैसे भरल्यावर पावती आणि रिलिव्हिंग लेटर हातात येऊ द्यावे. आमच्या अभियंत्याला यास पाच आठवडे लागले. आता वरिष्ठांकडून त्याला काहीही नको होते, आणि याच स्थितीत पत्र लिहायचे असते.

कोठे आणि केव्हा लिहावे

माध्यम निवडताना मी एक प्रश्न विचारतो: हे वाचून माणसाला उत्तर न देता बाजूला ठेवता येईल का? फोनमध्ये ते जमत नाही, कारण समोरच्याला त्याच क्षणी काहीतरी बोलावे लागते. व्हॉट्सॲपवर वाचल्याच्या निळ्या खुणा पाठवणाऱ्याला दिसू शकतात आणि ‘वाचले तरी उत्तर नाही’ हा नवा सल सुरू होतो. लिंक्डइनवर जोडणीची विनंती पाठवली की ती स्वीकारायची किंवा नाकारायची असा पेच त्यांच्यापुढे उभा राहतो. म्हणून वैयक्तिक ईमेल सर्वांत बरी. कार्यालयाचा पत्ता टाळावा, कारण तेथील पत्रव्यवहार कंपनीच्या ताब्यात असतो आणि ज्याचा अपमान आपण सर्वांसमोर केला त्याची माफी पुन्हा कंपनीच्या नोंदीत जाऊ नये. वैयक्तिक पत्ता नसेल तर व्हॉट्सॲपवर एकच ओळ पाठवावी: ‘सर, तुम्हाला एक पत्र लिहायचे आहे. वैयक्तिक ईमेल द्याल का? घाई नाही.’ या ओळीला उत्तर आले नाही, तर तेच उत्तर समजावे आणि थांबावे.

एखाद्या जुन्या सहकाऱ्याला मध्ये घालण्याचा मोह होतो. त्याच्याकडून साहेब अजून तेथेच आहेत का आणि घरी आजारपण वा दुःखद प्रसंग तर नाही ना, एवढेच जाणून घ्यावे. ‘माझ्याबद्दल काय म्हणतात ते विचार’ असे सांगितले की आपले पत्र पोचण्याआधी आपली चर्चा पोचते.

वेळेबद्दल दोन गोष्टी सांगतो. साहेबांच्या कामाचे जे वार्षिक ओझे असते ते टाळावे. या प्रसंगात फेब्रुवारी ते एप्रिल हा काळ पूर्णपणे वर्ज्य होता आणि पत्र जूनच्या तिसऱ्या आठवड्यात गेले. दुसरे म्हणजे, दिवाळी किंवा गुढीपाडव्याच्या शुभेच्छांच्या आडून सुरुवात करू नये. अनेकांना ती सोपी वाट वाटते. पण शुभेच्छेला माणूस शिष्टाचार म्हणून ‘तुम्हालाही’ असे उत्तर देतो, आपण समजतो की सारे मिटले, आणि मूळ प्रसंगाचा एक शब्दही निघालेला नसतो. त्यानंतर माफी मागणे अधिक अवघड होते.

पत्राची भाषा

अभियंत्याने आणलेला पहिला मसुदा असा होता:

> आदरणीय सर, कळत-नकळत माझ्याकडून आपले मन दुखावले गेले असल्यास क्षमस्व. त्या वेळी परिस्थितीच अशी होती की माझा नाइलाज झाला. आपल्या मार्गदर्शनामुळेच आज मी इथपर्यंत पोहोचलो. आपल्यातील गैरसमज दूर व्हावेत हीच इच्छा. तसेच पुढील महिन्यात माझ्या पडताळणीसाठी आपल्याला फोन येऊ शकतो, कृपया सहकार्य करावे.

यातील प्रत्येक वाक्य आपल्याकडे सभ्य समजले जाते आणि म्हणूनच ते धोक्याचे आहे. ‘कळत-नकळत’ हा शब्द आपण निरोपसमारंभात वापरतो, जेथे कोणतीही विशिष्ट चूक मनात नसते. पण संपूर्ण टीमला सीसी ठेवून मेल पाठवणारा माणूस नकळत काही करत नाही. ‘दुखावले गेले असल्यास’ यातील ‘असल्यास’ हा घडलेल्या गोष्टीवरच शंका घेतो. ‘परिस्थितीच अशी होती’ यातील ‘च’ सगळा दोष परिस्थितीवर ढकलतो. ‘गैरसमज’ म्हटले की चूक अर्धी समोरच्याच्या समजुतीत जाते, आणि येथे कोणाचाही काही गैरसमज झालेला नव्हता. मार्गदर्शनाची स्तुती खरी असली तरी माफीच्या पत्रात ती लाचेसारखी वाचली जाते. शेवटच्या वाक्याने तर आधीची चार वाक्ये कशासाठी होती तेच सांगून टाकले.

मराठीत आणखी एक सोय आहे जी माफीच्या वेळी सोडावी लागते. ‘चूक झाली’, ‘बोलले गेले’, ‘राहून गेले’ या रचनांत करणारा माणूस दिसतच नाही. त्यांच्या जागी ‘मी केले’, ‘मी लिहिले’, ‘मी न सांगता गेलो’ अशी क्रियापदे ठेवावीत. मसुदा झाल्यावर त्यातील क्रियापदांखाली रेघ मारून पाहावे. ज्या वाक्यात आपण कर्ता नाही ते वाक्य बहुधा पळवाट असते. त्याचप्रमाणे ‘पण’ शोधावा. माफीनंतर आलेला ‘पण’ माफी मागे घेतो.

संबोधन पूर्वी होते तेच ठेवावे. ‘सर’ म्हणत असाल तर ‘सर’ आणि ‘तुम्ही’ म्हणत असाल तर ‘तुम्ही’. एरवी कधी न वापरलेला ‘आपण’ एकदम आला की पत्र वकिलाने लिहून दिल्यासारखे वाटते. नोकरी सुटली म्हणून नावाने हाक मारण्याची ही वेळ नव्हे. भाषेचेही तसेच. दोघे मराठीत बोलत असाल तर कार्यालयीन इंग्रजीच्या आड जाऊ नये.

चार वेळा लिहून झाल्यावर गेलेले पत्र असे होते:

> सर, नमस्कार.
>
> गेल्या वर्षी १२ मार्चला मी काम कोणालाही समजावून न देता निघून गेलो. ३१ मार्च तोंडावर आहे हे मला माहीत होते, आणि व्याज-आकारणीचा भाग माझ्याशिवाय कोणी पाहिलेला नव्हता हेही माहीत होते. त्या कामाचा सगळा भार मी तुमच्यावर टाकला.
>
> त्याच रात्री मी संपूर्ण टीमला सीसी ठेवून तुमच्याविरुद्ध मेल लिहिली. मला जे म्हणायचे होते ते तुमच्याशी एकट्याने बोलायला हवे होते. ते न करता, तुम्हाला उत्तर देता येणार नाही अशा तऱ्हेने मी तुमचा सर्वांसमोर अपमान केला.
>
> या दोन्ही गोष्टींबद्दल मी तुमची माफी मागतो.
>
> कंपनीबरोबरचा माझा हिशेब पूर्ण झाला आहे आणि या पत्रामागे कोणतेही काम नाही. उत्तर द्यावे अशी अपेक्षा नाही. पुढे कधी बोलावेसे वाटले, तर माझा नंबर तोच आहे.

यात शनिवारचा उल्लेख नाही आणि ‘लायकी’चाही नाही. त्याला ते फार जड गेले. मी त्याला एवढेच सांगितले की तुझी तक्रार खरी आहे, तिची जागा या पत्रात नाही. किती रक्कम भरली तेही त्याने लिहिले नाही, कारण आकडा लिहिला की उपकार मोजल्यासारखे होते. ‘अजूनही कामात मदत करतो’ असे त्याच्या एका मसुद्यात होते, तेही काढले. १४ महिन्यांनी त्या मदतीचा उपयोग नव्हता आणि बाहेरच्या माणसाने कंपनीच्या कामाला हात लावणे योग्यही नव्हते.

पत्र पूर्ण झाल्यावर दोन रात्री जाऊ द्याव्यात आणि मग पाठवावे.

उत्तर कसे वाचावे

काहीच उत्तर आले नाही, तर दुसरे पत्र लिहू नये. ‘माझे पत्र मिळाले का?’ ही विचारणासुद्धा, उत्तराची अपेक्षा नाही असे लिहिल्यावर, तो शब्द मोडणारी ठरते. सहा महिन्यांनी किंवा वर्षाने खरेच काही निमित्त घडले, म्हणजे त्यांची बढती झाली किंवा घरात कार्य झाले, तर दोन ओळींचे अभिनंदन करण्यास हरकत नाही. त्यालाही उत्तर नसेल तर विषय तेथेच ठेवावा.

‘ठीक आहे. पुढील वाटचालीस शुभेच्छा.’ एवढेच उत्तर आले, तर लोक निराश होतात. मी त्याला बरे उत्तर मानतो. दार उघडले नसले तरी कडी काढली आहे, इतपत त्याचा अर्थ घ्यावा आणि ‘धन्यवाद, सर’ लिहून थांबावे. लगेच भेटीचा आग्रह धरल्याने काम बिघडते.

सर्वांत अवघड असते ते रागाचे उत्तर. या अभियंत्याला नऊ दिवसांनी तेच आले. साहेबांनी लिहिले होते की ३० आणि ३१ मार्चच्या दोन्ही रात्री ते स्वतः बँकेच्या संगणक विभागात बसले होते, आणि ती मेल त्यांच्या वरिष्ठांकडे पोचल्याने त्यांना लेखी खुलासा द्यावा लागला होता. शेवटी त्यांनी विचारले होते, ‘तेव्हा एक फोन करायला काय झाले होते?’ रागाचे उत्तर वाईट दिसते, पण त्यात माणूस आपल्याशी बोलू लागलेला असतो. विझलेल्या नात्यात कोणी इतके लिहीत नाही. अशा उत्तराला एकदाच आणि थोडक्यात लिहावे, नव्याने कळलेली हानी नावानिशी मान्य करावी, आणि विचारलेल्या प्रश्नाला सबबीविना उत्तर द्यावे. त्याने लिहिले: ‘खुलाशाचे मला माहीत नव्हते. तो माझ्यामुळे द्यावा लागला. फोन केला नाही, कारण तुम्ही पुन्हा नाही म्हणाल याची मला भीती होती आणि ते ऐकण्याची माझी तयारी नव्हती.’

भेट झाली तर

दोन महिन्यांनी साहेबांनीच फोन करून बावधनला चहाला बोलावले. अशा भेटीसाठी अर्धा-पाऊण तास पुरतो. निघण्याची वेळ आधीच ठरलेली असावी, म्हणजे कोणालाही ताटकळावे लागत नाही. भेटवस्तू नेऊ नये. माफी पुन्हा पहिल्यापासून मागू नये, कारण वारंवार माफी मागणाऱ्याची समजूत काढण्याचे काम समोरच्यावर येते. प्रसंगाचा विषय त्यांनी काढला तर ऐकावे, नाही काढला तर त्यांच्या कामाबद्दल विचारावे. येथे साहेब स्वतःच शनिवारांवर आले आणि म्हणाले, ‘तेव्हा मीही तुला फार ताणले.’ अशा क्षणी दुसरा रकाना उघडून वाचायचा नसतो. ‘हो सर, ते दिवस मला जड गेले’ इतके खरे बोलून तो थांबला. ‘छे छे, तुमचे काहीच चुकले नाही’ असे म्हणाला असता तर ते खोटे झाले असते आणि साहेबांनाही ते कळले असते.

शिफारस किंवा संदर्भ मागणे

माफी आणि मागणी यांत किमान सहा महिन्यांचे अंतर असावे असे माझे मत आहे. दरम्यानच्या पडताळणीसाठी त्याने रिलिव्हिंग लेटर दिले आणि संदर्भ म्हणून दुसऱ्या एका वरिष्ठ सहकाऱ्याचे नाव त्याच्या परवानगीने दिले. विचारल्याशिवाय जुन्या साहेबांचे नाव अर्जात लिहिणे हा एवढा सगळा प्रयत्न एका ओळीत वाया घालवण्याचा मार्ग आहे.

मागताना नकाराला जागा असलेला प्रश्न विचारावा: ‘सर, एका ठिकाणी माझ्या कामाबद्दल संदर्भ मागितला आहे. तुम्ही जसे घडले तसे सांगावे अशीच माझी इच्छा आहे. तुम्हाला अवघड वाटत असेल तर मी दुसरे नाव देईन.’ नोटीसबद्दल खोटे बोलण्यास सुचवू नये. पडताळणी करणारे मनुष्यबळ विभागाकडून तारखा, पद आणि सोडण्याचे कारण घेतात आणि वरिष्ठांकडून कामाबद्दल व वागणुकीबद्दल विचारतात. दोन्हीकडची माहिती जुळली नाही की शंका उमेदवारावर येते. नव्या कंपनीने विचारले, तर नोटीस पूर्ण केली नाही, रक्कम नंतर भरली, हे उमेदवारानेही आधीच सांगितलेले असावे.

एक गोष्ट मात्र वरिष्ठांच्या हातात नसते. बऱ्याच कंपन्या सोडून गेलेल्या कर्मचाऱ्याच्या नोंदीत तो पुन्हा नेमण्यास पात्र आहे की नाही हे लिहून ठेवतात, आणि साहेबांचे मन वळले तरी ती नोंद आपोआप बदलत नाही. या अभियंत्याच्या नोंदीत आजही ‘अपात्र’ असेच आहे. साहेबांनी पुढच्या वर्षी संदर्भासाठी आलेल्या फोनवर जे सांगितले ते नंतर स्वतःच त्याला कळवले: काम उत्तम होते, शेवट वाईट केला, पैसे भरले, आणि स्वतः पत्र लिहून चूक मान्य केली. त्याला ती नोकरी मिळाली. यंदा ३१ मार्चच्या रात्री त्याने साहेबांना ‘सगळे नीट चालले आहे ना?’ एवढा संदेश पाठवला, आणि पहाटे चार वाजता बँकेच्या संगणक विभागातून उत्तर आले, ‘झाले. आत्ताच संपले.’